वाय-फाय जोडलं, पण संगणक कोणाकोणाला दिसतो?

नवं वाय-फाय जोडताना विंडोज पासवर्ड विचारतं, पुढच्या वेळी आपोआप जोडायचं का ते विचारतं आणि कामाला लागतं. याच क्षणी ते आणखी एक निर्णय घेतं. विंडोज ११ मध्ये तो सहसा कोणालाही न विचारताच घेतला जातो: हे नेटवर्क पब्लिक मानायचं की प्रायव्हेट? वापरणाऱ्याने काही सांगितलं नाही, तर नव्या वाय-फायला पब्लिक हाच शिक्का बसतो. इंटरनेट सुरू झालेलं असतं, व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलेलं असतं, त्यामुळे या शिक्क्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. लक्ष जातं ते शेजारच्या टेबलावरचा प्रिंटर सापडेनासा झाल्यावर, किंवा दुसऱ्या संगणकावरचं फोल्डर उघडेनासं झाल्यावर.

विंडोज १० निदान विचारत असे. पडद्याच्या उजव्या कडेने एक निळी पट्टी सरकत यायची आणि या नेटवर्कवरच्या इतर संगणकांना नि उपकरणांना तुमचा संगणक सापडू द्यायचा का, असं विचारायची. घरी आणि ऑफिसात हो म्हणा, सार्वजनिक ठिकाणी नको, असा सल्लाही तिथेच लिहिलेला असायचा. आपण त्या वेळी दुसऱ्याच गडबडीत असायचो, म्हणून हो किंवा नाही जे हाताशी आलं ते दाबून बहुतेक जण मोकळे व्हायचे. विंडोज ७ मध्ये तीन पर्याय होते: घर, कार्यालय आणि सार्वजनिक जागा. प्रत्येकाशेजारी चित्र असे, आणि सार्वजनिक जागेसाठी बागेतलं बाकडं होतं. आजच्या दोन कोरड्या शब्दांपेक्षा त्या बाकड्याने अर्थ पटकन पोचत असे, असं म्हणायला हरकत नाही.

हा प्रश्न विंडोजला पडू लागला त्यामागे एक वाईट उन्हाळा आहे. २००३च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा वर्म विंडोज एक्सपी आणि २००० असलेल्या यंत्रांमध्ये घुसला. कोणी काही उघडायची, कशावर क्लिक करायची गरज नव्हती. संगणक नेटवर्कला जोडलेला असणं पुरेसं होतं. एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती मुळात बंद असायची. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ ने ती मुळातच चालू ठेवायला सुरुवात केली. पण बाहेरून येणारं सगळंच अडवलं तर घरातले दोन संगणक एकमेकांशी बोलणार कसे? त्यावर पुढे निघालेला तोडगा म्हणजे जागा पाहून फायरवॉलचे नियम बदलणं. आजचं पब्लिक-प्रायव्हेट हे त्याच तोडग्याचं रूप आहे.

म्हणजे या दोन पर्यायांमध्ये नेमकं बदलतं ते एवढंच, की त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या यंत्राने आपल्या संगणकाचं दार वाजवलं, तर फायरवॉल ते उघडू देणार की नाही. 'बाहेरून आत' हीच दिशा महत्त्वाची. आपण स्वतः बाहेर जातो, वेबसाइट उघडतो, मेल पाठवतो, त्यात दोन्हींत काडीचा फरक पडत नाही. वाय-फायचा वेगही बदलत नाही आणि हवेतून जाणाऱ्या माहितीचं एन्क्रिप्शनही. ते राउटरचं काम. रेल्वे स्टेशनवर 'प्रायव्हेट' निवडलं की आपलं ब्राउझिंग खाजगी होतं, असं अनेकांना वाटतं. होतं ते नेमकं उलट: आपण शेजाऱ्यांवर विश्वास ठेवतो, असं विंडोजला सांगितलेलं असतं.

या विश्वासाचे दोन भाग आहेत आणि सेटिंगमध्ये त्यांना वेगवेगळी बटणं आहेत. पहिला भाग दिसण्याचा. Network discovery चालू असेल तर आपला संगणक नेटवर्कवर आपलं नाव जाहीर करतो आणि इतरांची नावं ऐकतो. फाइल एक्सप्लोररमध्ये डावीकडे Network वर क्लिक केल्यावर जी यादी येते ती यातूनच बनते. दुसरा भाग देण्याचा. File and printer sharing चालू असेल तर आपल्याकडे शेअर केलेलं फोल्डर किंवा यूएसबीने जोडलेला प्रिंटर दुसऱ्याला वापरता येतो. त्यासाठी फायरवॉल मुख्यतः ४४५ क्रमांकाचं पोर्ट उघडते. पब्लिकमध्ये ही दोन्ही बटणं मुळात बंद असतात. प्रायव्हेटमध्ये पहिलं सहसा चालू असतं. दुसरं काही संगणकांवर बंद सापडतं, म्हणून ते डोळ्यांनी पाहून घेतलेलं बरं.

नुसतं प्रायव्हेट केल्याने मात्र एकही फाइल कोणाला मिळत नाही. कोणतं फोल्डर द्यायचं, कोणाला द्यायचं, वाचायलाच की बदलायलाही, हे वेगळं ठरवावं लागतं, आणि Password protected sharing चालू असेल तर येणाऱ्याला त्या संगणकावरच्या खात्याचं नाव-पासवर्डही द्यावं लागतं. प्रोफाइल फक्त दारापर्यंत येऊ देतं.

आता हे सगळं एका कार्यालयात पाहू. समजा, सांगलीत एका कर सल्लागारांचं छोटं ऑफिस आहे. एक डेस्कटॉप, त्याचं नाव HISHEB-PC. त्यालाच यूएसबीने लेझर प्रिंटर जोडलेला आणि त्याच्याच डिस्कवर अशिलांच्या हिशेबाचं शेअर केलेलं फोल्डर. दोन सहायकांकडे लॅपटॉप. तिन्ही यंत्रं वाय-फायवर. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललंय. एके दिवशी फायबरची जोडणी बदलली जाते आणि नवा राउटर येतो. मालकांनी शहाणपणाने आधीच सांगून ठेवलंय, वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, म्हणजे कोणाला काही बदलावं लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्ही यंत्रं आपोआप जोडली जातात. इंटरनेट पहिल्यापेक्षा जलद. पण लॅपटॉपवरून प्रिंट दिली की प्रिंटर ऑफलाइन. हिशेबाचं फोल्डर उघडायला गेलं की 0x80070035 हा आकडा आणि The network path was not found. डेस्कटॉपवरून मात्र प्रिंट व्यवस्थित निघतेय.

अशा वेळी पहिला संशय प्रिंटरवर जातो, मग ड्रायव्हरवर. कोणीतरी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतो आणि अर्धा दिवस जातो. खरी गोष्ट अशी, की विंडोज नेटवर्क ओळखतं ते केवळ वाय-फायच्या नावावरून नाही. राउटरचा हार्डवेअर पत्ताही ते लक्षात ठेवतं. राउटर बदलला की नाव तेच असूनही विंडोजच्या लेखी बहुतेक वेळा ते नवं नेटवर्क ठरतं. कधी कधी तर त्याच नावापुढे २ असा आकडा लागलेला दिसतो. आणि नवं नेटवर्क म्हणजे पब्लिक. डेस्कटॉपने दार लावून घेतलंय, एवढंच झालंय.

खात्री कशी करायची? लॅपटॉपवर पॉवरशेल उघडून डेस्कटॉपचं ४४५ पोर्ट वाजवून बघायचं. डेस्कटॉपचा आयपी पत्ता त्याच्या वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये मिळतो, तो 192.168.1.5 आहे असं धरू.

```
Test-NetConnection 192.168.1.5 -Port 445
```

उत्तराच्या शेवटी TcpTestSucceeded च्या पुढे False आलं, तर दार बंद आहे किंवा वाट तुटली आहे. आता डेस्कटॉपवर जाऊन विचारायचं:

```
Get-NetConnectionProfile
```

यात Name पुढे नेटवर्कचं नाव असतं आणि NetworkCategory पुढे प्रोफाइल. इथे Public दिसलं की निदान पक्कं. उपाय सेटिंगमधूनच करता येतो. विंडोज ११ मध्ये Settings उघडायचं, Network & internet, मग Wi-Fi, मग जोडलेल्या नेटवर्कच्या नावासमोरच्या properties वर जायचं. तिथे Network profile type खाली Public network आणि Private network असे दोन गोल दिसतात; दुसरा निवडायचा. विंडोज १० मध्येही वाट जवळपास हीच आहे. नंतर Advanced network settings मध्ये Advanced sharing settings उघडून Private networks खालची दोन्ही बटणं चालू आहेत ना, ते पाहायचं. संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही. लॅपटॉपवर तीच चाचणी पुन्हा केली की False च्या जागी True येतं, आणि सकाळपासून रांगेत अडकलेल्या प्रिंट बहुधा एकामागून एक बाहेर पडू लागतात. एकाच चलनाच्या चार-चार प्रती, कारण तेवढ्या वेळा कोणीतरी बटण दाबलेलं असतं.

या उदाहरणात एक गोष्ट नजरेतून सुटू नये. बदल केला तो फक्त डेस्कटॉपवर. सहायकांचे लॅपटॉप पब्लिकच राहिले, तरी काम झालं. ते फक्त मागणारे आहेत. मागणी बाहेर जाते, आणि बाहेर जाणाऱ्याला फायरवॉल दोन्हीकडे अडवत नाही. 'शेअरिंग चालत नाही' म्हटलं की सगळ्या यंत्रांवर प्रायव्हेट करत सुटण्याची पद्धत आहे. ती अनावश्यक आहे. जे यंत्र फोल्डर किंवा प्रिंटर देतं, तेवढ्याचं दार उघडावं. पब्लिकवरच्या लॅपटॉपमध्ये Network ची यादी रिकामी दिसेल, एवढी अडचण येते. तिच्यावर तोड सोपी आहे: एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\HISHEB-PC असं टाइप करायचं, आणि नाव सापडलं नाही तर \\192.168.1.5 असा आकडा. एकदा ते फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडून ठेवलं, तर यादीची गरजही उरत नाही. सहायक हाच लॅपटॉप घेऊन संध्याकाळी दुसरीकडे कुठे बसणार असेल, तर त्याच्या यंत्रात उघडं काहीच नाही हे बरंच.

एक्सप्लोररमध्येच एक सापळाही आहे. पब्लिक नेटवर्कवर असताना Network ची यादी उघडली, की वर पिवळसर पट्टी येते: शोध आणि फाइल शेअरिंग बंद आहे, चालू करण्यासाठी क्लिक करा. क्लिक केलं की विंडोज दोन वाक्यं समोर ठेवतं. पहिलं No ने सुरू होतं: नको, मी ज्या नेटवर्कवर आहे ते प्रायव्हेट करा. दुसरं Yes ने सुरू होतं: हो, सर्व पब्लिक नेटवर्कसाठी शोध आणि शेअरिंग चालू करा. आपल्याला काम सुरू करायचं असतं, त्यामुळे हात साहजिकच 'हो'कडे जातो. बरोबर उत्तर मात्र 'नको'वालं आहे. 'नको' म्हटलं तर हे एकच नेटवर्क विश्वासाचं ठरतं. 'हो' म्हटलं तर पब्लिक या वर्गाचेच नियम सैल होतात, आणि मग हॉटेल, विमानतळ, दवाखान्यातलं प्रतीक्षालय, जिथे जिथे पब्लिक असेल तिथे तिथे तो लॅपटॉप नाव सांगत आणि दार उघडं ठेवून बसतो. शेअरिंगची ही बटणं एकेका नेटवर्कला नसून प्रोफाइलच्या वर्गाला लागू होतात, हे इतक्या महत्त्वाच्या जागी याहून स्पष्ट लिहायला हवं होतं. ज्यांनी कधी 'हो' दाबलं असेल, त्यांना Advanced sharing settings मध्ये Public networks खालची बटणं चालू दिसतील. ती तिथेच बंद करता येतात.

अशीच तिसरी जागा म्हणजे नवीन प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवल्यावर येणारी फायरवॉलची खिडकी. खेळ, व्हिडिओ पाठवण्याचे प्रोग्रॅम, सीसीटीव्ही पाहण्याची सॉफ्टवेअर अशांना बाहेरून येणारी जोडणी हवी असते, म्हणून विंडोज परवानगी मागतं. जिथे प्रायव्हेट आणि पब्लिक अशा दोन चौकटी दिसतात, तिथे कारणाशिवाय पब्लिकच्या चौकटीत खूण ठेवू नये. आणि घरी तो प्रोग्रॅम 'फोनवर दिसत नाही' अशी तक्रार आली, तर परवानगी प्रायव्हेटला दिलेली आहे पण घरचं वाय-फाय मात्र पब्लिक आहे, हे कारण आधी तपासावं.

मग प्रायव्हेट कुठे म्हणायचं? घरचं म्हणजे प्रायव्हेट, हा ढोबळ नियम अपुरा आहे. पुण्यात शिकणारी मुलं ज्या पीजीमध्ये राहतात, तिथे एकाच राउटरचा पासवर्ड दहा-पंधरा जणांकडे असतो, गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांकडेही असतो. ते राहण्याचं घर आहे, पण नेटवर्क मात्र पब्लिक मानण्याजोगं. उलट, त्याच मुलाने स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट लावून त्यावर फक्त आपलेच दोन लॅपटॉप घेतले, तर ते प्रवासातही प्रायव्हेट असायला हरकत नाही. कसोटी जागेची नाही. त्या वाय-फायवर असलेलं प्रत्येक यंत्र आपल्या ओळखीचं आहे का, ही आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेलं रेलटेलचं स्टेशनवरचं मोफत वाय-फाय किंवा लॉजमधलं वाय-फाय यांचं उत्तर त्यामुळे आपोआपच ठरतं. मोबाइलवर ओटीपी आला म्हणजे नेटवर्क ओळखीचं झालं, असं होत नाही. तो ओटीपी त्यांनी आपल्याला ओळखण्यासाठी असतो.

शेजारचं यंत्र बिघडलेलं असेल तर काय होतं, हे मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने दाखवलं. विंडोजच्या जुन्या फाइल शेअरिंगमधली एक चूक वापरून ते ४४५ पोर्टावरून एका संगणकातून दुसऱ्यात उडी मारत होतं आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत होतं. ती चूक दुरुस्त करणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण ज्यांनी तो घेतला नव्हता आणि ज्यांचं पोर्ट आतल्या नेटवर्कसाठी उघडं होतं, त्यांना इमारतीतल्या पहिल्या बाधित यंत्राने गाठलं. फायरवॉलने ते पोर्ट बंद ठेवलेलं असतं, तर या वाटेने आत शिरता आलं नसतं. दुसऱ्या बाजूने एक दिलासाही आहे: प्रायव्हेटमध्ये फाइल शेअरिंगचा नियम मुळात स्थानिक सबनेटपुरताच, म्हणजे साधारणपणे त्याच राउटरवरच्या यंत्रांपुरताच असतो. प्रायव्हेट केलं म्हणून सगळं जग आत येत नाही.

याच मर्यादेमुळे कधी कधी सगळं बरोबर करूनही शेअरिंग चालत नाही. कंपनीचा राउटर खाली आणि स्वतः विकत घेतलेला दुसरा राउटर माडीवर, अशी रचना अनेक घरांत असते. दुसरा राउटर स्वतःचे वेगळे पत्ते वाटत असेल, तर खालचा संगणक 192.168.1.5 आणि वरचा 192.168.0.7 असा होतो. तिसरा आकडा वेगळा दिसला की समजायचं, सबनेट बहुधा वेगळं आहे. इथे प्रोफाइल बदलून उपयोग नाही. माडीवरचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालवावा लागतो. दुसरी नेहमीची अडचण गेस्ट वाय-फायची. त्यावरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच व्यवस्था बऱ्याच राउटरमध्ये असते, आणि हॉटेलांतही पुष्कळदा तसंच असतं. तिथे दोन्ही बाजूंना प्रायव्हेट केलं तरी ४४५ ची चाचणी False च सांगत राहते. काही संगणकांवर विंडोजऐवजी दुसऱ्या अँटिव्हायरसची फायरवॉल कामाला असते. मग विश्वासाचं नेटवर्क कोणतं, ते तिथेही सांगावं लागतं. ऑफिसच्या डोमेनमध्ये असलेल्या लॅपटॉपवर डोमेन हे तिसरं प्रोफाइल आपोआप लागतं, आणि तिथे निर्णय कंपनीच्या आयटी विभागाचा.

आणि चाचणीने True सांगितलं, तरी फोल्डर उघडताना नाव-पासवर्डाची खिडकी येते आणि काही केल्या जात नाही, ही शेवटची खोळंबण्याची जागा. इथे सहसा दोन चुका होतात. एक म्हणजे, तिथे लॅपटॉपचा नव्हे, तर डेस्कटॉपवरच्या खात्याचा पासवर्ड हवा असतो. दुसरं म्हणजे, रोज डेस्कटॉप उघडताना टाइप करतो तो चार आकड्यांचा पिन इथे चालत नाही. पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. खातं मायक्रोसॉफ्टचं असेल तर पूर्ण ईमेल आणि त्याचा पासवर्ड लागतो. पासवर्डच नसलेल्या स्थानिक खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. सांगलीच्या त्या ऑफिसने यासाठी डेस्कटॉपवर शेअरिंगपुरतं एक वेगळं स्थानिक खातं उघडावं, त्याला पासवर्ड द्यावा, हिशेबाच्या फोल्डरवर त्या खात्याला परवानगी द्यावी आणि सहायकांच्या लॅपटॉपवर ते नाव-पासवर्ड एकदाच भरून Remember my credentials वर खूण करावी. मालकांचा स्वतःचा पासवर्ड मग कोणाला सांगावा लागत नाही, आणि एखादा सहायक नोकरी सोडून गेला तर तेवढ्या खात्याचा पासवर्ड बदलला की काम होतं.